प्रॉडक्शनमध्ये बग गेल्यानंतर क्लायंटला माफीचा ई-मेल कसा लिहावा: नव्या क्यूए लीडसाठी मार्गदर्शन

टेस्टिंगमधून सुटलेला बग क्लायंटच्या कामात उघडा पडला, की त्याबद्दलचा लेखी खुलासा बहुतेक कंपन्यांत क्यूए लीडकडे येतो. नव्याने लीड झालेल्या व्यक्तीला टेस्ट केस लिहिण्याचा सराव असतो, असा ई-मेल लिहिण्याचा नसतो. मग घाईत जुना एखादा नमुना शोधून त्यात नावे बदलली जातात, आणि क्लायंटला ज्या दोन गोष्टी खरोखर कळायला हव्या असतात त्या, म्हणजे हे का घडले आणि पुन्हा घडू नये म्हणून नेमके काय बदलले, त्यातून निसटतात. हा लेख त्या दोन गोष्टींसाठी आहे.

सगळे टप्पे एकाच उदाहरणावर दाखवतो. उदाहरणातील कंपन्या, तारखा आणि आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. बगचा प्रकार मात्र भारतात सॉफ्टवेअर चालवणाऱ्या कोणालाही गाठू शकेल असा आहे. पुण्यातील एक सॉफ्टवेअर कंपनी भिवंडीत गोदाम असलेल्या औषध वितरकासाठी बिलिंगचे सॉफ्टवेअर चालवते. माल पहाटे निघतो, त्यामुळे बरीच बिले मध्यरात्रीनंतर बनतात. २६ जून २०२५ च्या संध्याकाळी व्हर्जन ४.२ प्रॉडक्शनमध्ये गेले. १ जुलैच्या सकाळी वितरकाच्या लेखाविभागातून फोन आला, की रात्री बनलेल्या बिलांवर ३० जून ही तारीख छापली गेली आहे.

१. आधी लहान सूचना पाठवा, माफीचा ई-मेल नंतर

पहिला ई-मेल तासाभराच्या आत जायला हवा, आणि तो चार ओळींचाच असावा: तक्रार मिळाली, ती खरी असल्याची खात्री झाली, परिणाम अमुक बिलांवर दिसतो, पुढची माहिती अमुक वाजता देऊ. कारण कळलेले नसताना कारण लिहू नका. पहिल्या तासातला अंदाज पुढे चुकीचा ठरला, तर नंतरच्या खऱ्या खुलाशावरही विश्वास बसत नाही.

या उदाहरणात घाईला आणखी एक ठोस कारण आहे. वितरकाला ई-इनव्हॉइस लागू असेल, तर जीएसटीच्या पोर्टलवर नोंदलेले बिल नोंदणीनंतर २४ तासांच्या आतच तिथे रद्द करता येते. मध्यरात्रीनंतर एक वाजून दहा मिनिटांनी नोंदलेल्या बिलासाठी ही मुदत पुढच्या रात्री त्याच वेळेला संपते. पोर्टलने ही बिले स्वीकारली, कारण आदल्या दिवसाची तारीख त्याच्या दृष्टीने चूक नाही. माल वाटेत असताना बिल रद्द करायचे की पुढे क्रेडिट नोटने दुरुस्ती करायची, हा निर्णय वितरकाच्या लेखापालाचा आणि कर सल्लागाराचा आहे. पण तो घेता यावा म्हणून बिलांची यादी दुपारपर्यंत त्यांच्या हातात पडणे ही तुमची जबाबदारी आहे. तुमच्या क्लायंटच्या धंद्यात अशी कोणती मुदत चालू आहे, हे पहिल्याच फोनवर विचारून घ्या.

सविस्तर माफीचा ई-मेल दुरुस्ती प्रॉडक्शनमध्ये खरी ठरल्यावर पाठवावा. इथे बग फक्त रात्री दिसतो, म्हणून १ जुलैच्या दुपारी दुरुस्ती चढवली तरी मधली एक रात्र जाऊ देऊन, त्या रात्रीची बिले तपासून, २ जुलैच्या सकाळी ई-मेल पाठवणे योग्य. तोपर्यंत क्लायंटला अंधारात ठेवू नये. लहान सूचना चालू राहाव्यात.

२. लिहायला बसण्यापूर्वी हे हाताशी ठेवा

- घटनाक्रम: रिलीज, पहिले चुकीचे बिल, क्लायंटची तक्रार, कारण सापडणे, दुरुस्ती चढवणे, दुरुस्तीची खात्री. प्रत्येकाची वेळ आठवणीतून न लिहिता तिकीट आणि सर्व्हरच्या लॉगमधून घ्यावी.
- बाधित नोंदींची यादी, क्लायंटला उघडता येईल अशा एक्सेल फाइलमध्ये.
- ज्या बदलामुळे बग आला त्याची नोंद आणि त्या रिलीजचा टेस्ट रिपोर्ट.
- दुरुस्तीनंतरच्या टेस्टचा निकाल.
- करारातील सेवापातळीचे कलम आणि ई-मेल कोणाच्या मंजुरीने जाईल याची माहिती.

सर्व्हरच्या लॉगमधील वेळ अनेकदा यूटीसीमध्ये असते. ती तशीच उचलून ई-मेलमध्ये टाकली, तर घटनाक्रम साडेपाच तासांनी चुकतो. तारखेच्या बगबद्दलच्या ई-मेलमध्ये हे होणे फारच वाईट दिसते. सगळ्या वेळा भारतीय वेळेत लिहा आणि तसे एकदा नमूद करा.

३. व्याप्ती मोजा, अंदाजाने लिहू नका

‘काही बिलांवर परिणाम झाला’ या वाक्याने लेखापालाचे काहीच काम होत नाही. त्यांना संख्या, कालावधी आणि क्रमांक हवे असतात. डेटाबेसमध्ये बिल बनल्याची खरी वेळ वेगळी साठवलेली असेल आणि तिच्यासोबत टाइमझोनही असेल, तर पोस्टग्रेएसक्यूएलवर ही यादी एका क्वेरीत मिळते:

```
SELECT invoice_no, invoice_date, created_at
FROM invoices
WHERE invoice_date <>
  (created_at AT TIME ZONE 'Asia/Kolkata')::date;
```

समजा, यादीत २१२ बिले आली आणि ती २७ जून ते १ जुलै या पाच रात्रींची आहेत. इथे थांबू नका. या २१२ मधली १६५ बिले जून महिन्यातच एक दिवस मागे गेली. त्यांची तारीख चुकीची आहे, पण महिना बरोबर आहे. उरलेली ४७ बिले १ जुलैच्या पहाटेची असून ती जूनमध्ये जाऊन बसली. लेखापालाची खरी चिंता या ४७ बिलांची आहे, कारण दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांना जूनचे जीएसटीआर-१ हे विक्रीचे विवरणपत्र ११ जुलैपर्यंत भरायचे असते, आणि ही बिले तशीच राहिली तर जुलैची विक्री जूनमध्ये दाखवली जाईल. ई-मेलमध्ये हे दोन गट वेगळे दाखवले, तर तुम्हाला त्यांचे काम समजते हे न सांगता दिसते.

या क्वेरीला तारखेची मर्यादा नाही, म्हणून ती २६ जूनच्या आधीच्या नोंदीही तपासते; त्यांत काय मिळाले ते वेगळे पाहा. तिथे एकही बिल मिळाले नाही, तर बग ४.२ बरोबरच आला असे खात्रीने लिहिता येईल. एखादे मिळाले, तर तुमचा कारणाचा अंदाज अपुरा आहे आणि ई-मेल अजून लिहायचा नाही.

एक धोका इथेच सांगतो. यादी हातात आली, की एखादा डेव्हलपर उत्साहाने तारखा डेटाबेसमध्येच दुरुस्त करू पाहतो. बिले छापून, मालासोबत औषध दुकानांत पोहोचलेली आहेत. डेटाबेसमधली तारीख बदलली, तर कागदावर एक आणि संगणकात दुसरी असा नवा घोळ तयार होतो. क्लायंटच्या लेखी संमतीशिवाय दिलेल्या बिलांना हात लावू नये, आणि तो लावलेला नाही हे ई-मेलमध्ये स्पष्ट लिहावे.

४. कारण दोन भागांत शोधा: बग का आला आणि तो का सुटला

पहिला भाग डेव्हलपरकडून मिळतो. या उदाहरणात आधी बिलाची तारीख डेटाबेसमधून भारतीय वेळेनुसार येत असे. ४.२ मध्ये बिल लवकर छापले जावे म्हणून ती ॲप्लिकेशनमध्येच काढायला सुरुवात झाली, आणि त्यासाठी ही ओळ वापरली गेली:

```
new Date().toISOString().slice(0, 10)
```

ही ओळ नेहमी यूटीसीची तारीख देते. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असल्याने, १ जुलैच्या पहाटे २ वाजून १० मिनिटांनी यूटीसीमध्ये ३० जूनचे रात्रीचे ८ वाजून ४० मिनिटे झालेले असतात. म्हणून मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत बनलेल्या प्रत्येक बिलावर आदल्या दिवसाची तारीख पडली, आणि त्यानंतरची सगळी बिले बरोबर आली.

दुसरा भाग पूर्णपणे तुमचा आहे, आणि क्लायंट क्यूए लीडच्या ई-मेलमध्ये तोच शोधत असतो. पहिले उत्तर चटकन सापडते: हाताने होणारे टेस्टिंग सकाळी दहा ते संध्याकाळी सातच्या दरम्यान झाले, ऑटोमेटेड रिग्रेशन रात्री अकराला सुरू होऊन बाराच्या आत संपले, आणि त्या वेळांत यूटीसी व भारतीय तारीख एकच असते. हे उत्तर खरे आहे, म्हणूनच त्यावर थांबण्याचा मोह होतो. ‘यापुढे रात्रीही टेस्ट चालवू’ असे लिहिण्याआधी एक साधा प्रयोग करा: जुनाच रिग्रेशन संच, बग असलेल्याच कोडवर, घड्याळ पहाटे दोनवर ठेवून चालवा.

आपल्या उदाहरणात तो संच तेव्हाही पास होतो. कारण तारीख तपासणारी टेस्ट बिलावरची तारीख ‘आजच्या तारखे’शी ताडून पाहत होती, आणि ‘आजची तारीख’ काढण्यासाठी तिने कोडमधलेच फंक्शन वापरले होते. दोन्ही बाजूंना सारखीच चूक असल्याने टेस्ट कोणत्याही वेळी हिरवीच राहिली असती. नुसते रात्रीचे टेस्टिंग जाहीर केले असते, तर क्लायंटला निरुपयोगी आश्वासन मिळाले असते. म्हणून कारण सापडल्यासारखे वाटले, की ‘ही उणीव भरली असती तर बग पकडला गेला असता का’ हा प्रश्न प्रत्यक्ष चालवून तपासावा.

या भागात तीन चुका वारंवार दिसतात. पहिली, ‘मानवी चूक’ हे कारण म्हणून लिहिणे. त्यातून काय बदलायचे हे कधीच कळत नाही. दुसरी, डेव्हलपरकडे बोट दाखवणे. क्लायंटने करार कंपनीशी केलेला असतो, त्यामुळे ई-मेलमध्ये कर्ता ‘आम्ही’ हाच असावा, आणि कोणाचेही नाव कारणाच्या परिच्छेदात येऊ नये. तिसरी, ‘रात्रीची बिले बनतात हे आम्हाला कळवले नव्हते’ असे सुचवणे. आपल्याच डेटाबेसमध्ये आधीच्या कित्येक महिन्यांची पहाटेची बिले पडलेली असताना हे लिहिणे अन्यायाचे आहे.

५. प्रतिबंध असा लिहा, की क्लायंटला तो तपासता येईल

‘यापुढे अधिक काटेकोर टेस्टिंग केले जाईल’ हे वाक्य पूर्णपणे गाळा. प्रत्येक उपायासोबत तो कोणती उणीव भरतो, कधीपर्यंत होईल, कोणत्या पदाकडे आहे आणि झाल्याचा पुरावा काय, हे यायला हवे. उपाय थोडे असावेत. दहा उपायांची यादी वाचताना भरीव वाटते, पण महिन्याभराने त्यातले किती झाले असे विचारले, की अवघड होते. आपल्या उदाहरणात तीन पुरतात.

पहिला उपाय म्हणजे घड्याळ ठरावीक वेळेवर गोठवून, अपेक्षित तारीख हाताने लिहिलेली टेस्ट:

```
jest.useFakeTimers()
  .setSystemTime(new Date('2025-07-01T02:10:00+05:30'));
expect(makeInvoice(order).date).toBe('2025-07-01');
```

याच पद्धतीने ००:००, ०५:२९, ०५:३० आणि २३:५९ या वेळा, महिन्याचा शेवट, आणि आर्थिक वर्ष बदलते तो ३१ मार्च ते १ एप्रिल हा काळ तपासावा. टेस्ट लिहून झाली, की ती आधी बग असलेल्या कोडवर चालवून नापास होताना पाहा आणि मग दुरुस्त कोडवर पास होताना पाहा. नापास होताना न पाहिलेली टेस्ट प्रतिबंध म्हणून ई-मेलमध्ये लिहू नये. दोन्ही निकालांचे स्क्रीनशॉट हा तुमचा पुरावा आहे.

दुसरा उपाय जुन्या टेस्टसाठी: अपेक्षित उत्तर तपासल्या जाणाऱ्या कोडकडूनच घेणाऱ्या सगळ्या टेस्ट शोधून बदलणे. हे एका दिवसात होत नाही, म्हणून प्रामाणिक तारीख द्या. तिसरा उपाय प्रॉडक्शनसाठी: वरची क्वेरी फक्त आदल्या चोवीस तासांत बनलेल्या बिलांवर रोज सकाळी सहाला आपोआप चालावी आणि एकही नोंद मिळाली तर सपोर्टला लगेच सूचना जावी. तिन्ही उपायांत क्लायंटला सर्वांत आश्वासक वाटतो तो हा तिसरा, कारण पहिले दोन चुकले तरी बग पाच रात्री लपून राहणार नाही.

६. माफीचे वाक्य

माफी सुरुवातीलाच, एकदाच आणि नेमक्या गोष्टीची मागावी. ‘झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे वाक्य लिफ्ट बंद पडल्याच्या पाटीवरही चालते. इथे लेखाविभागाला महिनाअखेरीच्या गडबडीत २१२ बिले पुन्हा तपासावी लागली, ते लिहा. ‘जर आपल्याला त्रास झाला असेल तर’ असे कधीही लिहू नका, कारण त्रास झालेला आहे. प्रत्येक परिच्छेदात माफी मागितली, तर ज्यांना माहिती हवी आहे त्यांना ती शोधावी लागते.

भरपाई, बिलात सूट किंवा कायदेशीर जबाबदारी याबद्दल क्यूए लीडने स्वतःच्या अधिकारात एक शब्दही लिहू नये. तो विषय कराराचा आहे आणि डिलिव्हरी मॅनेजर किंवा अकाउंट मॅनेजर त्यावर बोलतील. कर कसा दुरुस्त करावा हेही सुचवू नये.

७. पूर्ण ई-मेल

क्लायंट इंग्रजीत पत्रव्यवहार करत असेल, तरी क्रम हाच ठेवावा.

> विषय: २७ जून ते १ जुलै २०२५: रात्रीच्या २१२ बिलांवर चुकीची तारीख – कारण, दुरुस्ती आणि प्रतिबंध
>
> माननीय महोदया,
>
> सप्रेम नमस्कार.
>
> आमच्या सॉफ्टवेअरमधील दोषामुळे आपल्या २१२ बिलांवर आदल्या दिवसाची तारीख छापली गेली, आणि महिनाअखेरीला आपल्या लेखाविभागाला ही सर्व बिले पुन्हा तपासावी लागली. हा दोष आमच्या टेस्टिंगमध्ये पकडला जायला हवा होता. तसे झाले नाही, याबद्दल मी आमच्या संघाच्या वतीने आपली क्षमा मागतो.
>
> सद्यस्थिती: दोष १ जुलै रोजी दुपारी ३.१० वाजता दुरुस्त केला. २ जुलैच्या मध्यरात्रीपासून पहाटे ५.३० पर्यंत बनलेली सर्व ४५ बिले आम्ही तपासली असून त्यांच्या तारखा बरोबर आहेत. या पत्रातील सर्व वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार आहेत.
>
> परिणाम: २७ जून ते १ जुलै या काळात मध्यरात्री १२ ते पहाटे ५.३० दरम्यान बनलेली बिलेच बाधित आहेत. त्यांपैकी १६५ बिलांची तारीख जून महिन्यातच एक दिवस मागे आहे. १ जुलैच्या पहाटेच्या ४७ बिलांवर ३० जून ही तारीख असल्याने ती जूनच्या विक्रीत दिसत आहेत. बिलांच्या रकमा, कर आणि साठा यांवर परिणाम झालेला नाही. हे आम्ही सर्व २१२ बिलांसाठी तपासले आहे. १ जुलै रोजी दुपारी १२ वाजता पाठवलेली यादी खऱ्या तारखांसह पुन्हा जोडली आहे. आम्ही आपल्या कोणत्याही बिलात स्वतःहून बदल केलेला नाही. दुरुस्तीची पद्धत आपण ठरवल्यावर, आपल्या लेखी सूचनेनुसार सॉफ्टवेअरमधील काम आम्ही करू.
>
> दोष का आला: २६ जूनच्या रिलीजमध्ये आम्ही बिलाची तारीख काढण्याची पद्धत बदलली. नवी पद्धत भारतीय वेळेऐवजी जागतिक प्रमाणवेळेची तारीख घेत होती, जी आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे असते.
>
> आमच्या टेस्टिंगमधून का सुटला: तारीख तपासणारी आमची टेस्ट अपेक्षित तारीख त्याच सदोष पद्धतीने काढत होती. त्यामुळे दोन्ही बाजूंना सारखी चूक होऊन ती पास झाली. मध्यरात्रीनंतरच्या वेळेसाठी आमच्याकडे स्वतंत्र टेस्ट नव्हती.
>
> प्रतिबंध:
> १. मध्यरात्र, पहाटे ५.३०, महिनाअखेर आणि आर्थिक वर्षअखेर यांसाठी निश्चित तारखांच्या टेस्ट. पूर्ण झाल्या आहेत. जुन्या कोडवर नापास आणि नव्या कोडवर पास झाल्याचा निकाल जोडला आहे. जबाबदारी: क्यूए लीड.
> २. बिलाची खरी वेळ आणि छापलेली तारीख यांची रोज सकाळी ६ वाजता आपोआप तुलना. ४ जुलैपासून. जबाबदारी: सपोर्ट प्रमुख.
> ३. अशाच रचनेच्या इतर टेस्टचा शोध आणि दुरुस्ती. १८ जुलैपर्यंत, त्या दिवशी अहवाल पाठवू. जबाबदारी: क्यूए लीड.
>
> जूनच्या विवरणपत्राची मुदत ११ जुलै असल्याने, आपल्या लेखापालांना हवी ती माहिती त्याच दिवशी देता यावी म्हणून आमच्या संघातील एक व्यक्ती तोपर्यंत उपलब्ध राहील. संपर्क क्रमांक खाली दिला आहे.
>
> आपला विश्वासू,
> क्यूए लीड

८. पाठवण्याआधी आणि पाठवल्यानंतर

मसुदा आधी ज्यांनी बदल केला त्या डेव्हलपरला दाखवा आणि कारणाचा परिच्छेद तांत्रिकदृष्ट्या खरा आहे ना, एवढेच विचारा. मग डिलिव्हरी मॅनेजरची मंजुरी घ्या. जोडलेली फाइल स्वतः उघडून ओळी मोजा; ई-मेलमध्ये २१२ आणि फाइलमध्ये २११ असले, तर उरलेल्या सगळ्या आकड्यांवर शंका येते. यादी ही क्लायंटच्या ग्राहकांची माहिती आहे, म्हणून ती फक्त ज्यांना लागते त्यांनाच जावी.

पाठवल्यावर बहुधा फोन येतो, आणि ‘पुन्हा असे होणार नाही याची खात्री देता का’ असे विचारले जाते. कोणताही बग कधीच येणार नाही, असे वचन देऊ नका. हा प्रकार रिलीजपूर्वी कोणत्या टेस्टमध्ये अडेल, आणि तिथून सुटलाच तर सकाळी सहाला कसा कळेल, हे सांगा. प्रश्न विचारणाऱ्या व्यक्तीला आपल्या वरिष्ठांना हेच सांगायचे असते.

४ आणि १८ जुलै या तारखा स्वतःच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि त्या दिवशी न विचारता दोन ओळींचा ई-मेल पाठवा. १८ जुलैचे काम लांबणार असे दिसले, तर १७ तारखेलाच नवी तारीख कळवा. १ ऑगस्टच्या सकाळी, म्हणजे महिना बदलल्यानंतरच्या पहिल्या पहाटे, रात्रीची बिले क्वेरीवर विसंबून न राहता स्वतः उघडून पाहा आणि त्यांची संख्या व तारीख क्लायंटच्या लेखाविभागाला कळवा. त्यानंतरच हे तिकीट बंद करा.